जामीनकी : स्मृतिकारांपासून गृहकर्जापर्यंत



या व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय मांडावा अशी प्रथा आहे. आजच्या विषयाचे नाव ऐकून तो इतिहासाचा की बँकेच्या कचेरीतला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर मी पुढल्या विवेचनावर सोपवतो. वडोदऱ्यातील आपल्या मराठी कुटुंबांत असे घर क्वचितच सापडेल, की ज्यातील एखाद्या कर्त्या माणसाने शेजाऱ्यासाठी, साडूसाठी किंवा शाळेतल्या सहकाऱ्यासाठी जामिनाची सही केलेली नाही. ती सही करताना बहुतेकांच्या मनात एकच समजूत असते : "हा नावापुरता कागद आहे. कर्ज त्याचे, घर त्याचे. त्याने नाही फेडले तर बँक घर विकेल, आणि तो गेलाच तर कर्जही त्याच्याबरोबर जाईल." या एका वाक्यात तीन समजुती आहेत आणि कायद्याच्या दृष्टीने तिन्ही चुकीच्या आहेत. त्या चुकीच्या का आहेत, हे आजच्या कायद्यापेक्षा जामीनकीच्या इतिहासातून अधिक स्पष्ट होते. म्हणून आरंभ जुन्यापासून करू.

'जामीन' हा शब्द अरबी 'ज़ामिन' या शब्दावरून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. संस्था मात्र त्या शब्दाहून फार जुनी आहे. धर्मशास्त्रात तिला 'प्रातिभाव्य' म्हणतात आणि जामिनाला 'प्रतिभू', म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. याज्ञवल्क्याने प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले. पहिला दर्शनाचा : ऋणको बोलावल्या दिवशी हजर होईल, असे सांगणारा. दुसरा प्रत्ययाचा : हा माणूस विश्वासार्ह आहे, असा निर्वाळा देणारा. तिसरा दानाचा : याने दिले नाही तर मी देईन, असे म्हणणारा. पहिल्या दोघांचा शब्द खोटा ठरला, तर भरपाई त्यांनी स्वतः करावयाची. त्यांच्या मुलांवर तो भार येत नाही. तिसऱ्याचा भार मात्र मुलांपर्यंत जातो. मनूनेही हाच भेद केला आहे. मिताक्षरेने त्याला आणखी मर्यादा घातली : मुलाने बापाच्या जामीनकीचे फक्त मुद्दल द्यावे, व्याज देऊ नये, आणि नातवापर्यंत ते ऋण पोचतच नाही.

या नियमांत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. अविभक्त कुटुंबातील भाऊ, पति-पत्नी आणि पिता-पुत्र यांनी एकमेकांना जामीन राहू नये, असे याज्ञवल्क्य सांगतो. कारण उघड आहे. एकाच थैलीतून दोघे खर्च करीत असतील, तर दुसऱ्याच्या शब्दाने धनकोच्या सुरक्षिततेत काहीच भर पडत नाही. जामीन हा त्या थैलीच्या बाहेरचा हवा. दुसरी गोष्ट जामिनाच्या बाजूची आहे. ज्या जामिनाला सर्वांसमक्ष धनकोचे पैसे भरावे लागले, त्याला ऋणकोने दुप्पट परत करावे असा नियम होता. ऋणको पळून गेला, तर त्याला शोधून आणण्यासाठी जामिनाला तीन पक्षांची, म्हणजे दीड महिन्याची मुदत द्यावी, असे कात्यायन म्हणतो. म्हणजे शास्त्रकारांनी जामिनावर भार टाकला, पण त्याला मुदत दिली, ऋणकोवर दंड बसवला आणि भार किती पिढ्या खाली जावा याची रेषाही आखली.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत हीच विभागणी नव्या नावांनी दिसते. माणूस हजर करण्याची हमी देणारा तो हाजिरजामीन, पैशाची हमी देणारा तो मालजामीन, आणि वर्तणुकीची हमी देणारा तो फैलजामीन. आपल्या गुजरात-काठेवाडात जामीनकीला आणखी एक चेहरा होता. संस्थानिक आणि ठाकूर यांच्या करारांना भाट आणि चारण जामीन राहत. त्यांच्यापाशी फारसे धन नसे. शब्द मोडला तर ते स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या देहाला इजा करून घेत, आणि त्या रक्ताचे पाप शब्द मोडणाऱ्याच्या माथी बसे. याला 'त्रागा' म्हणत. आजच्या मराठीत त्रागा करणे म्हणजे चिडून आदळआपट करणे. त्या शब्दामागे एवढा भीषण व्यवहार होता, हे आपण विसरलो आहोत. कर्नल वॉकर यांनी १८०७ च्या सुमारास काठेवाडातील सरदारांकडून खंडणीचे आणि शांततेचे करार करून घेतले, तेव्हा त्यांनीही फैलजामीन मागितलेच.

याच वॉकरसाहेबांच्या काळात खुद्द बडोद्याच्या गादीबाबत एक जामीनकी घडली. तिचा उल्लेख येथे टाळता येत नाही. आनंदराव गायकवाड यांच्या कारकिर्दीच्या आरंभी सरकारवर सावकारांचे मोठे कर्ज होते आणि अरब शिबंदीचे पगार थकले होते. राज्याने केलेल्या करारमदारांना आणि सावकारी देण्यांना अरब जमादार हमी देत. या हमीला 'बहांदरी' म्हणत. १८०२ च्या अखेरीस अरबांची थकबाकी देऊन त्यांना शहराबाहेर काढण्यात आले. त्यासाठी जे पैसे उभे करावे लागले, त्या कर्जांना आणि जुन्या हमींना ईस्ट इंडिया कंपनी जामीन राहिली. ही हमी कागदापुरती राहिली नाही. दुसरे सयाजीराव गादीवर असताना हमी दिलेल्या सावकारांचे देणे फिटेना, तेव्हा १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्या देण्याच्या वसुलीसाठी गायकवाडांचे महाल ताब्यात घेतले. लॉर्ड क्लेअर यांच्या वेळी, १८३२ मध्ये, तडजोड होऊन ते परत मिळाले. या प्रसंगातून जामीनकीची दोन मूलतत्त्वे दिसतात. सावकार ज्याच्याकडे पैसा वा सत्ता आहे त्याच्याकडेच पाहतो, मूळ ऋणको कोण याची त्याला फारशी फिकीर नसते. आणि जामीन जर समर्थ असेल, तर तो ऋणकोच्या मालमत्तेवर आपला हात ठेवल्याशिवाय राहत नाही. आपण सामान्य माणसे सही करताना यातले दुसरे तत्त्व विसरतो. पहिले मात्र बँक कधी विसरत नाही.

आता कायद्याकडे वळू. हिंदुस्थानचा करारांचा कायदा १८७२ सालचा आहे आणि तो १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. त्याच्या आठव्या प्रकरणात हमीचे नियम आहेत आणि आजही गृहकर्जाच्या जामिनाचे भवितव्य तेच ठरवतात. या कायद्याने स्मृतिकारांचे तीन प्रकार बाजूला ठेवले आणि कर्जाच्या व्यवहारात दानाचा प्रतिभू, म्हणजे मालजामीन, हाच नमुना धरला. आपला माणूस सही करताना मनातून मात्र प्रत्ययाचा प्रतिभू असतो. "माणूस चांगला आहे, मी ओळखतो" एवढेच त्याला म्हणायचे असते. कागदावर तो "याने दिले नाही तर मी देईन" असे म्हणून बसतो. सगळ्या दुःखाचे मूळ या अंतरात आहे.

या प्रकरणातले मध्यवर्ती कलम १२८ आहे. त्याचा आशय असा, की करारात वेगळे लिहिले नसेल तर जामिनाचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच व्यापक असते. 'तितकेच' या शब्दाचे दोन अर्थ निघतात. रकमेच्या दृष्टीने : मुद्दल, व्याज आणि करारातील इतर आकार हे सारे जामिनावर येते. आणि काळाच्या दृष्टीने : ऋणको ज्या क्षणी देणे लागतो, त्याच क्षणी जामीनही देणे लागतो. "आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या" असे म्हणण्याचा हक्क या कलमात नाही.

हा मुद्दा बराच काळ वादाचा राहिला. बँक ऑफ बिहारच्या एका खटल्यात खालच्या न्यायालयाने बँकेला हुकूमनामा दिला, पण अशी अट घातली की ऋणकोविरुद्धचे सर्व उपाय थकल्यावरच जामिनाकडून वसुली करावी. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ही अट रद्द केली. धनकोला ऋणकोच्या मागे धावून थकायला लावायचे असेल, तर हमी घेण्याचा हेतूच नाहीसा होतो, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. तरी एक शंका शिल्लक राहिली. कर्जाला घर तारण आहे, मग निदान ते घर आधी विकावे की नाही? १९८७ च्या एका निकालाने, तारणाची मालमत्ता आधी विकावी, असे जामिनांच्या बाजूचे मत दिले होते. १९९२ मध्ये, स्टेट बँक ऑफ इंडियाच्या इंडेक्सपोर्ट खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ते मत मान्य केले नाही. हुकूमनाम्यात तसा क्रम घातलेला नसेल, तर बँक तारण न विकता थेट जामिनाकडे येऊ शकते. पहिली समजूत, म्हणजे "बँक आधी घर विकेल", येथे संपली.

दुसरीकडे, घर बांधण्यासाठी कर्ज मिळण्याची व्यवस्था आपल्याकडे हळूहळू वाढत होती. या शहराला येथे मानाचे स्थान आहे. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी बडोद्यात 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापली. सहकारी पतसंस्थांच्या इतिहासात ती देशातील अगदी पहिल्या संस्थांपैकी गणली जाते. तिच्या नावातच तत्त्व होते : अन्योन्य, म्हणजे एकमेकांना आधार. पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था देशभर पसरल्या आणि जमीनजुमला नसलेल्या पगारदार माणसाला दोन जामिनांवर कर्ज देण्याची रीत रूढ झाली. १९७७ मध्ये गृहकर्जासाठीच स्थापन झालेली पहिली मोठी खासगी वित्तसंस्था निघाली, १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली, आणि पाठोपाठ व्यापारी बँकांनीही हे क्षेत्र हाती घेतले. तारण म्हणून घर मिळू लागले, तरी पतपेढीच्या काळातला जामीन बऱ्याच ठिकाणी कायम राहिला. म्हणजे एका कर्जाला दोन आधार आले : घर आणि माणूस. पतपेढीत जामीन आणि कर्जदार एकाच आळीतले असत, म्हणून हप्ता चुकला की जामिनाच्या कानावर त्याच आठवड्यात येई. आता कर्जदार बदलीच्या गावी असतो, आणि जामिनाला पहिली बातमी बँकेच्या नोटिशीतूनच मिळते.

येथे एक फरक सांगणे आवश्यक आहे. आजच्या गृहकर्जात पति-पत्नी किंवा पिता-पुत्र बहुधा 'सहकर्जदार' म्हणून सही करतात. सहकर्जदार हा जामीन नव्हे. तो मूळ ऋणकोच असतो, आणि जामिनाला कायद्याने दिलेले संरक्षण त्याला मिळत नाही. कोणत्या रकान्यात सही करीत आहोत, हे म्हणूनच वाचून पाहावे. याज्ञवल्क्याने घरातल्या माणसांना जामीनकीतून वगळले. बँकांनी त्यांना ऋणको करून तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवला.

आता मृत्यूचा प्रश्न. ऋणको मरण पावला म्हणून कर्ज नाहीसे होत नाही. करार कायद्याच्या ३७ व्या कलमाप्रमाणे माणसाने दिलेली वचने त्याच्या वारसांना बांधून राहतात, मात्र वारसांकडे मृताची जेवढी मालमत्ता आली असेल तेवढ्यापुरतीच. वारसाच्या स्वतःच्या मिळकतीला हात लावता येत नाही. पण जामिनाला ही मर्यादा नाही! त्याने स्वतःचा शब्द दिला आहे. म्हणून ऋणकोच्या मृत्यूनंतर असे विचित्र चित्र दिसते : मुलगा वारसाच्या मालमत्तेपुरता जबाबदार, आणि परका जामीन पूर्ण रकमेला जबाबदार.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा एका गृहस्थाने वडोदऱ्यात सदनिकेसाठी वीस लाख रुपयांचे कर्ज घेतले, मुदत वीस वर्षे, व्याज नऊ टक्के. हप्ता महिना सुमारे १७,९९५ रुपये बसतो. दोन मित्र जामीन राहिले. साठ हप्ते बिनचूक भरले गेले. या पाच वर्षांत सुमारे १०,८०,००० रुपये भरले, तरी बाकी राहिली सुमारे १७,७४,००० रुपये, कारण पहिल्या वर्षांच्या हप्त्यांत व्याजाचाच भाग मोठा असतो. जामिनाला वाटते, चतुर्थांश मुदत संपली, चतुर्थांश भार गेला. प्रत्यक्षात भार अकरा-साडेअकरा टक्केच उतरलेला असतो. याच वेळी कर्जदार मरण पावला. कर्जाला जोडलेला विमा नव्हता. घरी पत्नी व शिकणारी मुले, हप्ते थांबले.

नव्वद दिवसांहून अधिक काळ हप्ता थकला की बँक ते खाते अनुत्पादक म्हणून वर्गीकृत करते. २००२ च्या कायद्याप्रमाणे, ज्याला सर्वत्र 'सरफेसी' म्हणतात, बँक साठ दिवसांची मागणीची नोटीस काढते. त्या कायद्याच्या व्याख्येत 'कर्जदार' या शब्दात जामीनही येतो, म्हणून नोटिशीवर दोन्ही मित्रांची नावे असतात. साठ दिवसांत पैसे न आल्यास बँक तारण घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. पण जामिनाने स्वतःचे घर तारण दिलेले नसेल, तर त्या घराचा ताबा या कायद्याने घेता येत नाही. तारणाचा कायदा तारणापुरताच आहे. जामिनाच्या इतर मिळकतीसाठी बँकेला हुकूमनामा हवा. वीस लाख किंवा त्याहून अधिक रकमेसाठी ऋणवसुली न्यायाधिकरण, त्याखाली दिवाणी न्यायालय. मात्र यातही क्रमाचे बंधन नाही. घर विकण्याआधी जामिनावर कारवाई करण्याची मोकळीक कायद्याच्या १३ व्या कलमात स्पष्ट दिली आहे.

समजा आठ महिन्यांच्या व्याजाने व खर्चाने देणे एकोणीस लाखांवर गेले आणि घराचा लिलाव होऊन निव्वळ पंधरा लाख हाती आले. उरले चार लाख. बँक हे चार लाख दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण वसूल करू शकते. जो अधिक सहज हाती लागतो, बहुधा ज्याची नोकरी कायम आहे, त्याच्याकडे ती जाते. पहिल्या मित्राने चार लाख भरले, तर १४६ व्या कलमाप्रमाणे दोन लाख तो दुसऱ्या मित्राकडून मागू शकतो, कारण सहजामिनांनी भार सारखा वाटून घ्यावा असा नियम आहे. मृताच्या वारसांकडूनही तो पैसे मागू शकतो, पण त्यांच्याकडे आलेल्या मालमत्तेपुरतेच. येथे लोकांची एक निराशा होते. "त्याच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे आले आहेत, त्यातून द्या" असे जामीन म्हणतो. पण कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची नामनिर्देशित व्यक्तीला मिळालेली रक्कम मृताच्या ऋणातून मुक्त असते, असे तो कायदाच सांगतो.

आता त्याच उदाहरणाची दुसरी वाट पाहू, कारण जामिनाचा खरा हक्क तेथे आहे. समजा घर विकले जाण्यापूर्वीच पहिल्या मित्राने सर्व एकोणीस लाख भरले. १४० व्या कलमाप्रमाणे तो त्या क्षणी बँकेच्या जागी येतो. बँकेचे जे हक्क ऋणकोवर होते, ते सर्व त्याला मिळतात. १४१ व्या कलमाप्रमाणे बँकेकडील तारणाचा लाभही त्याला मिळतो, मग सही करताना त्याला ते तारण ठाऊक असो वा नसो. म्हणजे घराचे गहाणखत आता त्याच्या बाजूने उभे राहते. भरणा करताना त्याने बँकेकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : पैसे जामीन म्हणून आपण भरले याची पावती, आणि तारणाचे कागद वारसांच्या हाती न देता आपल्या हक्कासह हस्तांतरित होतील याची व्यवस्था. बँक खाते बंद करून मूळ कागद वारसांना परत देऊन मोकळी झाली, तर जामिनाला तो हक्क सिद्ध करण्यासाठी न्यायालयात जावे लागते. कंपनी सरकारने १८२८ मध्ये जे बळाने केले, ते कायद्याने सामान्य जामिनालाही उपलब्ध करून दिले आहे. फक्त ते मागावे लागते.

याच १४१ व्या कलमात जामिनाची दुसरी ढाल आहे. बँकेने स्वतःच्या हलगर्जीपणाने तारण गमावले, तर त्या तारणाच्या किमतीइतका जामीन मोकळा होतो. स्टेट बँक ऑफ सौराष्ट्रच्या खटल्यात, जेथे तेलाच्या डब्यांचे तारण बँकेच्या निष्काळजीपणाने हातातून गेले होते, सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हेच तत्त्व लागू केले. त्याचप्रमाणे जामिनाची संमती न घेता कर्जाच्या अटी बदलल्या, तर १३३ व्या कलमाप्रमाणे पुढल्या व्यवहाराबाबत तो मोकळा होतो. बँकेने ऋणकोला करार करून सोडून दिले किंवा वाढीव मुदत दिली, तर १३४ व १३५ ही कलमे त्याच्या बाजूने येतात. पण बँक नुसती स्वस्थ बसली, ऋणकोवर दावा लावायला तिने वेळ लावला, एवढ्याने जामीन सुटत नाही. १३७ वे कलम तसे सांगते.

या ढाली ऐकून समाधान वाटेल, पण बँकांचे वकील ही कलमे आपल्याहून आधी वाचतात. छापील हमीपत्रात बहुधा असे वाक्य असते, की जामीन करार कायद्याच्या अमुक ते अमुक कलमांखालील आपले हक्क सोडून देत आहे. १२८ व्या कलमातले "करारात वेगळे लिहिले नसेल तर" हे शब्द दोन्हीकडे कापतात. पंजाब नॅशनल बँकेच्या २००८ च्या खटल्यात जामिनाने हमी मागे घेतल्याचे सांगितले, पण त्याने तो हक्क करारातच सोडला होता म्हणून तो बांधला गेला. म्हणून आज सही करणाऱ्याने व्याजाचा दर पाहण्यापूर्वी हे एक वाक्य शोधावे. त्याच्याच जोडीला आणखी दोन गोष्टी विचारता येतात. 'वेगळे लिहिणे' जामिनाच्या बाजूनेही शक्य आहे : हमी अमुक रकमेपुरती, किंवा घराचे गहाणखत पूर्ण होईपर्यंतच, असे लिहून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. आणि कर्जदाराच्या आयुष्याचा, उतरत्या बाकीइतका, विमा घेऊन तो बँकेच्या नावे करून घ्यावा असा आग्रह जामिनाने धरावा. वरच्या उदाहरणात असा विमा असता, तर कर्जदाराच्या मृत्यूने १७,७४,००० रुपयांची बाकी तेथेच मिटली असती.

हुकूमनामा झालाच, तर जामिनाच्या पगारातून किती जाते, हेही सांगितले पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणे पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्तीतून मुक्त आहेत; जो भाग जप्त होतो, तो एकूण चोवीस महिन्यांनंतर त्या हुकूमनाम्यापुरता सुटतो. सरकारी निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधी यांनाही संरक्षण आहे. आपल्या सभागृहातील निवृत्त मंडळींना हे दिलासा देणारे आहे. बँकेतील मुदत ठेव आणि दुसरे घर यांना मात्र असे कवच नाही.

शेवटचा प्रश्न स्मृतिकारांनी जेथे सोडला तेथलाच आहे : जामीनच मरण पावला तर? गृहकर्जाची सर्व रक्कम एकदा वाटप झाली, की ती हमी त्या एका व्यवहाराची होते आणि जामिनाच्या मृत्यूने ती मिटत नाही. त्याची मिळकत त्या ऋणाला जबाबदार राहते, मुले त्यांना मिळालेल्या वाट्यापुरती. पूर्वी हिंदू कुटुंबात यापुढे जाऊन बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानले जाई आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने, मिताक्षरेला अनुसरून, दानाच्या जामीनकीबद्दल मुलांच्या वडिलार्जित हिश्शालाही जबाबदार धरले होते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या सुधारित सहाव्या कलमाने हे धर्मकर्तव्य वसुलीचे कारण म्हणून संपवले. त्या तारखेपूर्वीच्या ऋणांना जुनाच नियम राहिला. मिताक्षरेने नातवाशी जी रेषा आखली होती, ती सुमारे नऊ शतकांच्या प्रवासानंतर मुलाशी येऊन थांबली.

मनूपासून २००५ पर्यंतचा हा प्रवास पाहिला, तर कायद्याने जामिनाचा भार मुलांच्या डोक्यावरून काढत नेला आणि जामिनाच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र तो अधिक घट्ट बसवला. कात्यायनाची तीन पक्षांची मुदत आज नोटिशीच्या साठ दिवसांत उरली आहे. दुपटीची भरपाई उरलेली नाही, केवळ भरलेली रक्कम परत मागण्याचा हक्क उरला आहे. दर्शन आणि प्रत्यय यांचे प्रतिभू कर्जाच्या व्यवहारातून नाहीसे झाले. तेव्हा मित्राच्या चांगुलपणाची साक्ष द्यायची असेल, तर ती पत्र लिहून द्यावी. जामिनाच्या रकान्यात सही करणाऱ्याने मात्र ही रक्कम आपणच कर्जाऊ घेत आहोत असे समजून, आपल्या पत्नीला व मुलांना ती सांगून, आणि हमीपत्राची प्रत घरी ठेवून मगच सही करावी.